आगाऊ रक्कम एकदाच मोजायची: पावतीपासून शेवटच्या बिलापर्यंत

पुरवठादाराला आगाऊ दिलेली रक्कम हा खर्च नसतो. माल अजून आलेला नसतो, बिल झालेलं नसतं. तोवर ते आपलं त्याच्याकडे असलेलं येणं असतं, फक्त ते पैशांत न येता मालात यायचं असतं. म्हणून ती रक्कम खरेदी खात्यात टाकायची नाही. 'पुरवठादारांना दिलेली आगाऊ रक्कम' असं वेगळं खातं उघडून तिथे नावे टाकायची. खरेदी लिहायची ती बिल आल्यावर, आणि तीही बिलाच्या पूर्ण रकमेची.

नियम एवढा सरळ असूनही हिशेब चुकतो, कारण एकाच पैशाचे कागद अनेक असतात. पैसे देण्याआधी पुरवठादार प्रोफॉर्मा पाठवतो. पैसे गेले की बँकेकडून व्यवहाराची नोंद मिळते. दोन दिवसांनी पुरवठादाराची पावती येते. महिन्याने बिल येतं आणि त्याच्या तळाशी 'वजा आगाऊ' अशी ओळ असते. चारही कागदांवर तीच रक्कम, तारखा मात्र वेगळ्या आणि पुष्कळदा हाताळणारी माणसंही वेगळी. प्रत्येकाने आपापला कागद प्रामाणिकपणे नोंदवला तरी एकच रक्कम दोनदा मोजली जाते.

यावर एकच पक्का उपाय आहे: आगाऊ रकमेची नोंद कागदावरून करायची नाही, पैशाच्या हालचालीवरून करायची. पैसे बँकेतून किंवा रोकडीतून बाहेर पडले की एक ओळ. नंतर येणारा प्रत्येक कागद त्याच ओळीला जोडायचा, नवी ओळ उघडायची नाही. प्रोफॉर्मावरून तर काहीच लिहायचं नाही. ती मागणी आहे. तिने देणंही तयार होत नाही आणि खर्चही होत नाही. प्रोफॉर्माची मांडणी हुबेहूब बिलासारखी असते, त्यामुळे घाईत ती खरेदी म्हणून चढते आणि खरं बिल आल्यावर तीच खरेदी पुन्हा चढते.

एक ऑर्डर, पहिल्या पैशापासून

एक पूर्ण उदाहरण घेऊ. कर मुद्दाम बाजूला ठेवला आहे, कारण आगाऊ रकमेवर कर कधी लागतो याचे नियम देशागणिक बदलतात. आपल्याला रकमेचा माग काढायचा आहे.

ऑर्डर २,४०,००० ची. माल तीन खेपांत येणार. करार असा की ३० टक्के, म्हणजे ७२,००० आगाऊ द्यायचे आणि प्रत्येक बिलातून त्या बिलाच्या ३० टक्के वळते करायचे. आगाऊ रक्कम दोन हप्त्यांत गेली. पहिले ४०,००० बँकेतून. नोंद सोपी: आगाऊ खाते नावे ४०,०००, बँक जमा ४०,०००. या रकमेला रजिस्टरमध्ये A-01 असा क्रमांक दिला. पुरवठादाराची पावती आली तेव्हा तिच्यावर A-01 लिहून ती त्या ओळीला जोडली, बस्स.

दुसरा हप्ता ३२,००० चा, आणि गडबड होते ती अशाच ठिकाणी. ही रक्कम खरेदी विभागातल्या कर्मचाऱ्याने स्वतः जाऊन रोख दिली. त्यासाठी त्याने कार्यालयातून ३५,००० ची उचल घेतली होती. परत येऊन त्याने पुरवठादाराची ३२,००० ची पावती दिली आणि उरलेले ३,००० परत केले. पावती हातात पडली की हिशेबनीसाला वाटतं, रोख दिल्याची पावती आहे, तर आगाऊ खाते नावे आणि रोकड जमा करावी. पण रोकड तर उचल देतानाच जमा झाली आहे. पुन्हा जमा केली की वहीतली रोकड हातातल्या रोकडीपेक्षा ३२,००० ने कमी दिसते आणि कर्मचाऱ्याच्या नावावर मात्र तेवढीच उचल फिटायची राहते. रक्कम एक, आणि ती दोघांकडून येणं दिसते: पुरवठादाराकडूनही आणि कर्मचाऱ्याकडूनही. बरोबर नोंद अशी: आगाऊ खाते नावे ३२,०००, रोकड नावे ३,०००, कर्मचारी उचल खाते जमा ३५,०००. या पावतीने नवे पैसे बाहेर गेलेले नाहीत. जुनी उचल एका नावावरून दुसऱ्या नावावर गेली आहे. ही रक्कम A-02.

हातात पावत्यांचा जुना गठ्ठा असेल आणि त्यावरून सगळी आगाऊ रक्कम नव्याने जुळवायची असेल, तरी सुरुवात पावत्यांपासून करू नये. आधी बँक स्टेटमेंट, रोकड वही आणि उचल खातं घेऊन पुरवठादारांना गेलेल्या सगळ्या रकमा काढायच्या. मग एकेक पावती त्यांना जोडत जायचं. पावत्या संपल्या आणि काही रकमा बिनपावतीच्या उरल्या, तर पुरवठादाराकडे विचारणा करायची. रकमा संपल्या आणि पावत्या उरल्या, तर त्या पावतीचे पैसे नेमके कुठून गेले ते शोधायचं: कुणाच्या उचलीतून, दुसऱ्या बँक खात्यातून, की मालकाच्या स्वतःच्या खिशातून. यांपैकी काहीच सापडलं नाही तर ती बहुधा आधीच्याच पावतीची दुसरी प्रत असते. उरलेली पावती नुसती रक्कम पाहून कुठल्यातरी ओळीला चिकटवू नये. तारीख, देण्याचा मार्ग आणि संदर्भ क्रमांक यांतल्या दोन गोष्टी तरी जुळायला हव्यात.

पावतीवर 'कशापोटी' हा रकाना असतो आणि तो पुष्कळदा रिकामा किंवा 'खात्यात जमा' एवढ्यावर भागवलेला असतो. तो भरून घेण्याचा आग्रह धरावा: 'अमुक ऑर्डरपोटी आगाऊ'. नाहीतर पुरवठादार आपल्याकडची जुनी थकबाकी आधी फेडून घेतो आणि आपण मात्र ती रक्कम नव्या ऑर्डरवर धरून बसतो. दोघांच्या वह्या आपापल्या जागी बरोबर आणि वाद मात्र शेवटच्या बिलाला.

बिल आलं की दोन नोंदी, आणि त्या वेगळ्याच ठेवायच्या

पहिल्या खेपेचं बिल, क्रमांक ११८, रक्कम ९०,०००. आधी बिलाची नोंद: खरेदी नावे ९०,०००, पुरवठादार जमा ९०,०००. या नोंदीत आगाऊ रकमेचा विचारही करायचा नाही. मग दुसरी नोंद समायोजनाची: पुरवठादार नावे २७,०००, आगाऊ खाते जमा २७,०००. या दुसऱ्या नोंदीत बँकही नाही, रोकडही नाही आणि खरेदीही नाही. समायोजनात पैसा हलत नाही आणि खर्चही होत नाही. आपलं येणं त्याच्या देण्याला भिडवलं जातं, एवढंच. समायोजनाच्या नोंदीत बँक किंवा खरेदी हे खातं दिसलं की चूक तिथेच आहे असं समजावं. उरलेले ६३,००० बँकेतून दिले.

दुसरं बिल क्रमांक १३१, रक्कम १,००,०००. समायोजन ३०,०००, दिले ७०,०००. पहिल्या बिलात २७,००० वळते झाल्यामुळे A-01 मध्ये १३,००० च शिल्लक होते. म्हणून या बिलासाठी १३,००० A-01 मधून आणि १७,००० A-02 मधून घेतले. हा तपशील लिहिणं कटकटीचं वाटतं, पण कोणत्या आगाऊ रकमेतून कोणत्या बिलाला किती गेलं हे लिहिलेलं नसेल, तर वर्षभराने नुसती शिल्लक पाहून ती कुठली हे कुणालाच सांगता येत नाही.

तिसऱ्या खेपेत माल थोडा कमी आला. बिल क्रमांक १४०, रक्कम ५०,००० ऐवजी ४४,०००. इथे दोन सापळे आहेत.

पहिला टक्केवारीचा. ४४,००० चे ३० टक्के म्हणजे १३,२००. तेवढेच वळते केले तर A-02 मध्ये १,८०० लटकत राहतात, आणि ऑर्डर संपल्यामुळे पुढचं बिल कधी येणारच नाही. म्हणून शेवटच्या बिलाला टक्केवारी सोडून द्यायची आणि उरलेली सगळी शिल्लक, म्हणजे १५,००० वळती करायची. त्यासाठी हे शेवटचं बिल आहे की नाही, हे माल उतरवून घेणाऱ्या माणसाला विचारूनच ठरवावं. ते बिलावर लिहिलेलं नसतं.

दुसरा सापळा मोठा आहे. पुरवठादाराने हे बिल असं छापलं आहे: एकूण ४४,०००, वजा आगाऊ १५,०००, देय २९,०००. ठळक अक्षरांत असतो तो २९,००० चा आकडा. नोंद करणारा तोच उचलतो आणि खरेदी २९,००० लिहितो. मग दोनच शक्यता उरतात. एक, तो समायोजन करत नाही. पुरवठादाराचं खातं शून्यावर येतं, सगळं नीट वाटतं, पण खरेदी १५,००० ने कमी लागलेली असते आणि आगाऊ खात्यात तेवढीच रक्कम वर्षानुवर्षं पडून राहते. दोन, तो रजिस्टर उघडतो, १५,००० शिल्लक पाहतो आणि पुन्हा वजा करून १४,००० च पाठवतो. यात निदान पुरवठादाराचा फोन येतो आणि चूक उघडी पडते. पहिल्या प्रकारात कुणीच फोन करत नाही, म्हणून तो जास्त त्रासाचा. बिलाच्या तळाची वजावट ही पुरवठादाराने दिलेली माहिती आहे. ती आपल्या रजिस्टरशी ताडून पाहायची, पण खरेदीची नोंद नेहमी वजावटीच्या वरच्या आकड्याची.

रजिस्टर कसं ठेवायचं

खास सॉफ्टवेअर नसलं तरी स्प्रेडशीटची दोन पानं पुरतात. पहिल्या पानावर दिलेल्या आगाऊ रकमा: A रकान्यात आगाऊ क्रमांक, B मध्ये पुरवठादार, C मध्ये ऑर्डर, D मध्ये रक्कम, E मध्ये बँकेचा संदर्भ क्रमांक. दुसऱ्या पानाचं नाव Adjust; तिथे A मध्ये आगाऊ क्रमांक, B मध्ये बिल क्रमांक आणि C मध्ये वळती केलेली रक्कम. आपल्या उदाहरणात पहिल्या पानावर दोन ओळी येतात आणि दुसऱ्या पानावर चार, कारण बिल १३१ दोन रकमांत विभागलं गेलं. शिल्लक हाताने कधीच लिहायची नाही. पहिल्या पानावर ती अशी काढायची:

```
=D2-SUMIFS(Adjust!$C:$C,Adjust!$A:$A,A2)
```

शिल्लक उणे झाली की दिल्यापेक्षा जास्त वळतं केलं आहे, हे लगेच दिसतं. पण शिल्लक उणे न होताही एकच समायोजन दोनदा चढू शकतं, विशेषतः एकाच पुरवठादाराकडे आगाऊ रक्कम मोठी असेल तेव्हा. म्हणून Adjust पानावर आणखी एक रकाना ठेवावा:

```
=COUNTIFS($A:$A,A2,$B:$B,B2)
```

एका आगाऊ रकमेतून एका बिलाला एकच ओळ असायला हवी. उत्तर १ पेक्षा जास्त आलं तर ती ओळ तपासायची.

संदर्भ क्रमांकाबद्दल एक सावधगिरी. स्प्रेडशीट आकडा म्हणून लिहिलेल्या क्रमांकाचे पहिले १५ अंकच जपते. त्यापुढचे अंक शून्य होतात. लांबलचक संदर्भ क्रमांक टाकण्याआधी तो रकाना मजकुराचा करून घ्यावा. तसा केला तरी COUNTIFS निव्वळ अंकी मजकूर आकडा समजूनच जुळवतं, त्यामुळे शेवटचे अंक वेगळे असलेले दोन क्रमांक त्याला सारखेच वाटू शकतात. म्हणूनच दुबार तपासणी बँकेच्या क्रमांकावर न ठेवता A-01 सारख्या, अक्षर असलेल्या आपल्या क्रमांकावर ठेवलेली बरी.

चूक झाली आहे हे कसं कळतं

दुसऱ्या बिलाचे पैसे दिल्यानंतर थांबून ताळा घेऊ. पुरवठादाराला आजवर गेलेले पैसे: ७२,००० आगाऊ, ६३,००० आणि ७०,०००, एकूण २,०५,०००. आजवरची बिलं: ९०,००० आणि १,००,०००, एकूण १,९०,०००. फरक १५,०००. रजिस्टरमध्ये A-02 ची शिल्लकही १५,०००. जुळलं. हा ताळा कधीही घेता येतो: गेलेले सगळे पैसे वजा आलेली सगळी बिलं, हे आगाऊ शिल्लक वजा न दिलेल्या बिलांच्या रकमेएवढंच यायला हवं. यातले पैसे बँक आणि रोकडीवरून आणि बिलं मूळ बिलांच्या फाईलवरून घ्यायची. खतावणीतले आकडे खतावणीशीच ताडले तर चूक स्वतःशीच जुळते.

तिसऱ्या बिलानंतर गेलेले पैसे २,३४,०००, बिलं २,३४,०००, आगाऊ शिल्लक शून्य.

आता हीच ऑर्डर चुकीच्या रस्त्याने गेलेली पाहू. आगाऊ ७२,००० देतानाच खरेदीत टाकले आणि नंतर तिन्ही बिलंही पूर्ण रकमेने खरेदीत आली. वहीत खरेदी झाली ३,०६,०००, प्रत्यक्षात माल २,३४,००० चा. नफा ७२,००० ने कमी दिसला, हे झालं वहीपुरतं. पण पुरवठादाराच्या खात्यात काय दिसतं? बिलं २,३४,०००, दिले १,६२,०००, म्हणजे ७२,००० देणं बाकी. कुणीतरी महिनाअखेरीला थकीत देण्यांची यादी काढतो, हे नाव वर दिसतं, आणि पैसे पाठवले जातात. इथे वहीतली चूक बँकेत पोचते. ती यादी काढणाऱ्याचा यात दोष नसतो; त्याच्यासमोरचं खातं तसंच सांगत असतं. म्हणून जुन्या देण्याची रक्कम पूर्वी कधीतरी दिलेल्या आगाऊ रकमेएवढीच दिसली, तर आधी ते बिल कशाचं हे शोधावं आणि मगच पैसे सोडावेत. पुरवठादाराच्या खातेउताऱ्यातही ही खूण दिसते: त्याचा आणि आपला फरक नेमका आगाऊ रकमेएवढा असेल, तर शोध फार लांब न्यावा लागत नाही.

खातेउतारा मागवताना एक तारीख ठरवून मागवावा आणि त्याच्या वहीत आपली आगाऊ रक्कम कोणत्या बिलाला लावली आहे तेही विचारावं. नुसती शेवटची शिल्लक जुळणं पुरेसं नसतं. दोन ऑर्डरी एकाच वेळी चालू असतील, तर एका ऑर्डरीवरची आगाऊ रक्कम आणि दुसरीवरचं देणं एकमेकांत जिरून शिल्लक योगायोगाने जुळू शकते. आगाऊ खातं पुरवठादाराच्या नेहमीच्या खात्यापासून वेगळं ठेवायचं ते याचसाठी. अनेक सॉफ्टवेअरमध्ये दोन्ही एकाच खात्यात येतात. तसं असेल तर निदान प्रत्येक आगाऊ रकमेला ऑर्डरचा संदर्भ द्यावा आणि समायोजन 'सर्वांत जुन्या बिलाला आपोआप' असं सोडून देऊ नये. ते आपोआप होणारं समायोजन ऑर्डर पाहत नाही, फक्त तारीख पाहतं.

बिल न येताच संपणाऱ्या रकमा

काही आगाऊ रकमा बिलाची वाट पाहत राहतात. दर महिन्याला रजिस्टरमधल्या शिल्लक ओळी वयानुसार लावून पाहाव्यात आणि प्रत्येक जुन्या ओळीला एकच प्रश्न विचारावा: माल आला आहे का? माल आला असेल आणि बिल आलं नसेल, तर खरेदी झालेली आहे. वर्षअखेरीला तिची तरतूद करावी लागते, आणि बिल आल्यावर ती तरतूद उलटवावी लागते. ती तशीच राहिली तर खरेदी पुन्हा दुबार लागते. बिल आलं असेल पण समायोजन राहिलं असेल, तर ते बिल पूर्ण रकमेने दिलं गेलं का ते तपासायचं. गेलं असेल तर तो जास्तीचा पैसा आहे आणि तो मागायचा आहे. मालही नाही आणि बिलही नाही, तर ऑर्डर जिवंत आहे का हे खरेदी विभागाला विचारायचं.

ऑर्डर रद्द होऊन पैसे परत आले, तर ती जमा उत्पन्नात घ्यायची नाही आणि खरेदीतून वजाही करायची नाही, कारण ती खरेदी कधी झालेलीच नव्हती. बँक नावे, आगाऊ खाते जमा. Adjust पानावरही एक ओळ लिहायची आणि बिल क्रमांकाच्या जागी 'परतावा' लिहायचं, म्हणजे त्या आगाऊ क्रमांकाची शिल्लक शून्यावर येते. पुरवठादाराने थोडी रक्कम कापून घेऊन बाकीची परत केली, तर कापलेला भाग त्याच दिवशी खर्चात टाकावा, पण त्याचं लेखी कारण हातात घेऊनच. आणि मुळात जी रक्कम बिलातून कधी वळतीच व्हायची नसते, जशी भाड्याने घेतलेल्या यंत्राची अनामत, ती या रजिस्टरमध्ये आणूच नये. ती करार संपल्यावर परत यायची असते. इथे ठेवली तर कुणीतरी एखाद्या बिलातून ती वजा करतो, आणि पुढे अनामत परत मागताना ती आपण आधीच वसूल केल्याचं पुरवठादार दाखवून देतो.